घरातील तंटे आणि आईबापांची कचेरी

‘आधी सुरुवात कोणी केली?’ हा प्रश्न ज्या घरात दररोज विचारला जातो, तेथे भांडणे तर थांबत नाहीतच, फिर्यादी मात्र वाढतात. आमची सहावीतील कन्या आणि तिसरीतील चिरंजीव यांच्या तंट्यांत साक्षीपुरावा कधीच मिळत नसे. म्हणून रडणाऱ्याचा पक्ष खरा धरावा आणि थोरलीला ‘तू मोठी आहेस, तूच समजून घे’ असे सुनवावे, अशी वहिवाटच पडून गेली. परिणामी धाकट्याला मार लागण्यापूर्वीच टाहो फोडण्याची कला साधली, आणि थोरली उघड मारणे सोडून जेवताना कोणाच्या नजरेस न पडेल असा चिमटा काढू लागली. फैसला करणारा घरात हजर असला, म्हणजे मुलांना एकमेकांशी बोलण्याचे प्रयोजनच उरत नाही.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील हिल्डी रॉस आणि ज्युली स्मिथ यांनी पाच ते दहा वर्षांच्या मुलांच्या आईबापांना न्यायदानाऐवजी मध्यस्थी शिकवून पाहिली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अशा घरांतील भावंडे परस्परांची बाजू अधिक चांगली जाणू लागल्याचे आढळले. धाकट्याने न विचारता ताईची कंपासपेटी घेतली, त्या प्रकरणात तीच रीत आम्ही अवलंबिली. प्रथम दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसविले, कारण संतापलेल्या मुलाला युक्तिवाद ऐकूच येत नाही. राग ओसरल्यावर, एक बोलत असता दुसऱ्याने मध्ये तोंड घालावयाचे नाही, ही पहिली शर्त घातली. आणि प्रत्येकाने दुसऱ्याची तक्रार, त्याला ‘होय, हेच माझे म्हणणे’ असे वाटेपर्यंत, आपल्या शब्दांत सांगावी असे ठरविले. या दुसऱ्या कामाला वेळ फार लागतो, परंतु तेथेच खरी हकीकत बाहेर पडते. मैत्रिणी आल्या की ताई दार लावून घेते आणि आपल्याला बाहेर ठेवते, हे धाकट्याचे मूळ दुःख होते. पेटी हे केवळ निमित्त. तोडगाही त्यांनीच सुचविला: विचारल्याखेरीज पेटीस हात लावावयाचा नाही, आणि मैत्रिणी गेल्यावर ताईने त्याच्याशी कॅरमचा एक डाव खेळावयाचा. आठवडाभरात हा करार मोडला. तेव्हा शिक्षा न करता त्याच दोघांना बसवून तो दुरुस्त करावयास लावला.

या रीतीला एक मर्यादा आहे, आणि ती ओळखणे आईबापांचेच काम. सामान्य भांडणात आज एक वरचढ, तर उद्या दुसरा; पण मारणारा सदैव एकच असेल, आणि दुसरे मूल त्याच्यासोबत एकटे राहण्यास कचरत असेल, वस्तू मागण्याआधीच देऊन टाकीत असेल, तर तो तंटा नसून जुलूम होय. तेथे मध्यस्थी केल्यास दुबळे मूल भीतीपोटी कोणत्याही अटीला रुकार देईल. अशा वेळी मारहाण तत्काळ थांबवावी, दोघांना देखरेखीविना एकत्र ठेवू नये, आणि मारणाऱ्या मुलाशी स्वतंत्रपणे, गरज भासल्यास समुपदेशकाच्या साहाय्याने, बोलावे.