पाय गरम आहे, हे फोटोत दिसत नाही

हाउसआर्ट्सला फोन केला की प्रथम असिस्टंट बोलते, आणि त्वचेची तक्रार असली तर हल्ली पुष्कळदा "फोटो पाठवा" असे सांगते. तीळ, नायटा, अंगावरचे पुरळ यांसाठी ही सोय खरोखर चांगली आहे. सुजलेल्या पायाचे मात्र तसे नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीच्या मंडळींच्या बाबतीत तर मुळीच नाही.

एक उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात भारतातून आजोबा आले आहेत. वय सत्तर, मधुमेह जुना. डाव्या पायाची नडगी सुजली आहे, रात्री थंडी वाजून ताप आला. सूनबाईंनी फोटो काढून पाठवला. फोटोत काय दिसते? किंचित गडद, तुकतुकीत दिसणारा पाय. बस.

त्वचेखाली जंतू शिरून होणाऱ्या या दाहाला डच लोक वोंडरोस म्हणतात. नावातल्या 'रोस'चा अर्थ गुलाब. गोऱ्या पायावर तो खरोखरच लालभडक दिसतो. सावळ्या पायावर तो जांभळट किंवा नुसता काळपट दिसतो. त्यात कॅमेरा घरातल्या दिव्याप्रमाणे रंग आपोआप बदलतो. दाहाची चार लक्षणे सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने पहिल्या शतकात लिहून ठेवली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. फोटोत पहिली दोन येतात, आणि आपल्या बाबतीत पहिलीही नीट येत नाही.

उरलेले डॉक्टर हाताने शोधतात. तळहाताने नव्हे, बोटांच्या पाठीकडच्या बाजूने, आणि एकाच पायावर नव्हे, दोन्ही पायांवर एकाच ठिकाणी. दुसरा पाय हे त्यांचे मोजमाप असते. मग नडगीच्या हाडावर अंगठा काही सेकंद दाबून धरतात. खळगा पडून हळूहळू भरला तर आत पाणी साठले आहे. एखादी जागा मऊ लागली तर तिच्या दोन बाजूंना दोन बोटे ठेवून एकाने दाबतात. दुसरे बोट वर उचलले गेले तर आत पू असण्याची शक्यता असते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण वोंडरोसला गोळ्या पुरतात, पण साठलेला पू बहुधा छेद देऊनच काढावा लागतो. वरून दोन्ही सारखेच दिसू शकतात.

दाबताना डॉक्टर पायाकडे कमी आणि आजोबांच्या चेहऱ्याकडे जास्त पाहतात. दिसायला साधारण असलेली जागा हलक्या स्पर्शानेही असह्य दुखत असेल, तर संसर्ग खोल स्नायूंच्या आवरणापर्यंत गेल्याची शंका येते. हा आजार क्वचित होतो, पण तासागणिक पसरतो. अशा वेळी फोटोच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. लगेच फोन करावा, रात्री किंवा शनिवार-रविवारी हाउसआर्ट्सेनपोस्टला.

मधुमेहात याच्या उलटही घडते. नसा बधिर झाल्यामुळे पाय दुखतच नाही. पाऊल सुजले आहे, दुखत नाही, आणि दुसऱ्या पावलापेक्षा दोनेक अंश अधिक गरम आहे, असे असेल तर आतली हाडे ढासळू लागलेली असू शकतात. याला शार्को पाऊल म्हणतात. सुरुवातीला एक्स-रेही स्वच्छ येऊ शकतो. आजोबा "काही दुखत नाही" म्हणून चालत राहतात आणि पाऊल कायमचे वाकडे होते. इथे हाताला लागणारी ऊब हीच मोठी खूण.

तेव्हा फोटो पाठवताच आहात तर सोबत हे लिहा : ताप किती, दुसऱ्या पायापेक्षा गरम लागतो का, दाबल्यावर खळगा पडतो का, दुखते ते दिसण्याच्या मानाने फार का, आणि मधुमेह आहे का. जिथे गरमपणा संपतो तिथे बॉलपेनने रेघ ओढून वेळ लिहून ठेवा. सावळ्या पायावर ही कड डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर सापडते. औषध सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी ती थोडी पुढे सरकू शकते. दोन-तीन दिवसांनीही सरकतच असेल किंवा ताप उतरत नसेल तर पुन्हा दाखवावे. पायाच्या बोटांच्या बेचक्याही पाहा. तिथल्या चिखल्यांच्या भेगांतूनच जंतू बऱ्याचदा आत शिरतात.

आणि ताप किंवा मधुमेह असेल तर "डॉक्टरांनी हात लावून पाहावे अशी इच्छा आहे" असे असिस्टंटला स्पष्ट सांगा. यात उद्धटपणा नाही. आपल्या इथल्या विम्यात हाउसआर्ट्सच्या तपासणीला आइखन रिसिको लागत नाही. तो लागतो रक्त तपासणीसारख्या पुढच्या गोष्टींना. पाहुण्या आजोबांचे पैसे मात्र बहुधा आधी आपल्यालाच भरावे लागतात, म्हणून पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी प्रवास विम्याच्या कागदांबरोबर जपून ठेवा. मधुमेह जुना असल्याचे पॉलिसी घेताना लिहिले होते की नाही, हे तिकीट काढतानाच पाहून घेतलेले बरे.