आग मिरचीची, जखम गोळीची

भालकीहून एका वाचकांनी लिहिलं आहे: ‘भाकरीबरोबर ठेचा खाल्ला की पोटात आग पडते. यानं अल्सर होईल का?’

आधी ही आग समजून घेऊ. हिरवी मिरची उभी चिरून पाहा. बिया ज्या पांढुरक्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, त्या गाभ्यात कॅप्सेसिन हा तिखट पदार्थ सगळ्यात जास्त असतो. आपल्या जिभेपासून थेट गुदद्वारापर्यंत, वेदना कळवणाऱ्या नसांवर टीआरपीव्ही-१ नावाची छोटी दारं असतात. एरवी ती साधारण ४३ अंशांपुढच्या, म्हणजे चटका देणाऱ्या उष्णतेनं उघडतात. कॅप्सेसिन चिकटलं की ती शरीराच्या नेहमीच्या ३७ अंशांनाही उघडतात. मग मेंदूला ‘भाजलं’ असा निरोप जातो, घाम फुटतो, नाक वाहतं. पण खरं तर काहीच भाजलेलं नसतं. हे दार शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून तोंड पोळलं की पाण्यापेक्षा दूध किंवा दह्याचा घोट घ्यावा.

जठराचं काय? १९८८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी निरोगी माणसांच्या जठरात वाटलेली मिरची थेट सोडली आणि दुर्बिणीनं पाहिलं. अस्तराला जखम दिसली नाही. अ‍ॅस्पिरिन घेतल्यावर मात्र दिसली. थोड्या कॅप्सेसिननं तर अस्तराचा रक्तपुरवठा वाढतो. अल्सर बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतो. जठराचं आम्लापासून रक्षण करणारा बुळबुळीत थर या गोळ्यांनी पातळ होतो.

हुमनाबादकडचे एक शेतकरी माझ्याकडे आले होते. पोट दुखतं म्हणून तीन महिने त्यांनी मिरची सोडली होती, तरी दुखणं थांबेना. शौचाचा रंग विचारला, तर म्हणाले, ‘डांबरासारखा काळा.’ म्हणजे आत रक्तस्राव होत होता. गुडघेदुखीसाठी ते रोज सकाळी उपाशीपोटी दुकानातून आणलेली गोळी घेत होते. दुर्बिणीत जठराचा अल्सर दिसला. ती गोळी बंद केली, आम्ल कमी करणारं औषध आठ आठवडे दिलं आणि जखम भरली. आता ते पुन्हा ठेचा खातात.

तेव्हा ठेचा रिकाम्या पोटी खाऊ नका; आधी भाकरी-वरणाचे चार घास जाऊ द्या. घशाशी जळजळ येत असेल, मूळव्याध असेल किंवा अल्सरचे उपचार चालू असतील, तर तिखटानं त्रास वाढतो, म्हणून तेवढे दिवस कमी खा. आणि शौचाला काळं होत असेल, उलटीत रक्त येत असेल किंवा वजन आपोआप घटत असेल, तर मिरचीला दोष देत घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि घेत असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.