साडेदहा ते दोन

बाळा, वहिनीचा फोन आला होता. चार रात्री तू खुर्चीत बसून काढल्यास म्हणे. दादाचा न्यूमोनिया निवळायला अजून आठ-दहा दिवस लागतील असं डॉक्टर सांगतात, म्हणजे आजवर काढल्यास त्याच्या दुप्पट रात्री अजून पुढे आहेत. तुझ्या काकांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी जनरल वॉर्डात २१ रात्री झोपले. त्यातल्या पहिल्या नऊ रात्री मी तुझ्यासारख्याच काढल्या. नवव्या रात्रीनंतरच्या सकाळी त्यांना बी.पी.ची गोळी दिली की नाही तेच मला आठवेना. पाकीट हातात धरून मी उभी होते. त्या दिवशी सिस्टरनी मला बाजूला घेऊन जे शिकवलं, ते तुला सांगते.

त्या म्हणाल्या, "मावशी, रात्रभर जागायचा पगार मला मिळतो. तुम्ही हाकेला उठा, तेवढं पुरे." डोळे ताणून बसलं की पेशंट सुखरूप राहतो, असं आपल्याला वाटत असतं. खरं तर आपण त्या बसण्यात ना जागे असतो ना झोपलेले. रात्रीची गाढ झोप पहिल्या तीन-चार तासांतच जास्त लागते. तेवढा एक सलग तुकडा हाती लागला, तर पुढची झोप मोडकीतोडकी झाली तरी माणूस दिवस काढू शकतो. म्हणून सगळी रात्र वाचवायला जाऊ नकोस. एक तुकडा वाचव.

तो कुठला, हे संध्याकाळीच ठरवायचं. आठ-नऊच्या सुमारास नाइटची सिस्टर चार्ज घेते. तिची पहिली फेरी झाली की जाऊन विचार, "रात्री काय काय आहे?" दादाचं इंजेक्शन रात्री दहाला आणि सकाळी सहाला, असं वहिनी म्हणाली. मग मध्ये उरतं सलाइन. त्याचा हिशोब तुलाही येईल. बाटली ५०० मिलीची असते आणि साध्या सेटमधून बहुधा २० थेंबांचा एक मिली होतो, म्हणजे बाटलीत दहा हजार थेंब. घड्याळ लावून मिनिटभर थेंब मोज. ४० पडत असतील तर बाटली चार तास दहा मिनिटं चालेल. दहाला लावली तर दोन वाजून दहाला संपेल. मोबाइलला दोनचा गजर लाव, नुसत्या थरथरण्यावर ठेव आणि उशीखाली सरकव. दादाने हात वाकवला तर वेग बदलतो, म्हणून दहा मिनिटं हाताशी ठेवायची. थेंबांचं चाक मात्र आपण फिरवायचं नाही, ते काम सिस्टरचं. आणि समज, तुला जाग आली नाही आणि बाटली रिकामी झाली, तर नळीत थोडं रक्त वर चढलेलं दिसेल. घाबरू नकोस, सिस्टरला बोलाव. उशीर झाला तर सुईत रक्त गोठतं आणि दादाला पुन्हा टोचून घ्यावं लागतं, नुकसान बहुतेकदा एवढंच.

झाला की नाही साडेदहा ते दोनचा तुकडा मोकळा? आता तो मोडणार नाही याची तजवीज दहालाच करायची. दादाला लघवीचं भांडं दे, पाण्याचे दोन घोट पाज, उशा नीट कर, त्याचा चष्मा त्याच्या हाताशी ठेव. लघवी जास्त होणारी गोळी संध्याकाळी चालू असेल तर ती दुपारी देता येईल का, हे राउंडला डॉक्टरांना विचार. काकांची तशी बदलली आणि रात्रीच्या दोन हाका कमी झाल्या.

आणि खुर्ची सोड. खुर्चीत पाय सुजतात, मान अवघडते, झोप खोल जातच नाही. सतरंजीवर जाड चादर घालून आडवाच हो, आणि सुई नसलेल्या हाताच्या बाजूला झोप. माझ्या आजीची एक युक्ती सांगते. सुती दोरीचं एक टोक आपल्या मनगटाला सैल बांधायचं आणि दुसरं पेशंटच्या मुठीत नुसतं द्यायचं, त्याला बांधायचं नाही. त्याने ओढलं की आपण उठतो. कान सतत त्याच्या श्वासाकडे लावून झोपावं लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. डोळ्यांवर पंचा घे, वॉर्डातला दिवा काही विझत नाही.

दोनला उठलास की बाटली, भांडं, कूस, सगळं एकदमच उरकून घे. मग पुन्हा पाचपर्यंत पड. पाचला फिनेलची बादली येते आणि जमिनीवरच्या सगळ्यांना उठावं लागतं, म्हणून रात्री अकरा-बारापर्यंत कँटीनमध्ये गप्पा मारायच्या नाहीत. चहाही संध्याकाळी पाचनंतर नको. प्यायलेल्या चहाचा अर्धा अंमल पाच-सहा तासांनंतरही अंगात असतो.

एक गोष्ट मात्र जपून. दादा रात्री असंबद्ध बोलू लागला, मास्क ओढू लागला, पलंगावरून उतरायला बघू लागला, तर ते झोपेतलं बरळणं समजू नकोस. ऑक्सिजन कमी होत असेल, तेव्हा ताबडतोब सिस्टरला हाक मार. तशा रात्री हा हिशोब लागू नाही. तिथे कोणीतरी खरंच जागं हवं, म्हणून दोघांनी रात्र वाटून घ्यायची. एकाने दोनपर्यंत, दुसऱ्याने दोननंतर. वॉर्डात दोन पास देत नाहीत, पण सिस्टरला आधी सांगितलं तर दुसऱ्याला बाहेरच्या बाकावर झोपू देतात.

आता जिथे सगळ्यांचं चुकतं ते सांगते. झोप रात्री जाते त्याहून जास्त सकाळी जाते. सातला वहिनी येते, आणि तू मात्र "डॉक्टर काय म्हणतात ते ऐकून जातो" म्हणून राउंडला थांबतोस. राउंड दहाला होतो, मग कुठलं तरी औषध आणायचं निघतं, आणि घरी पोचायला एक वाजतो. मीही तेच करत होते. एक वही कर. रात्री ताप किती, लघवी किती वेळा, खोकल्यातून काय पडलं, डॉक्टरांना काय विचारायचं, हे चार ओळींत लिही आणि सव्वासातला वॉर्डातून बाहेर पड. दिलेल्या प्रत्येक गोळीपुढे वेळ लिहून खूण कर, म्हणजे माझ्यासारखं पाकीट धरून उभं राहावं लागणार नाही. घरी जाऊन अंघोळ कर, थोडं खा आणि अकरापर्यंत झोप. संध्याकाळपर्यंत लोळलास तर रात्री साडेदहाला डोळा लागणार नाही. दुपारी डोळे मिटू लागले तर तीनच्या आत वीस मिनिटं, तीही गजर लावून. नातेवाइकांचे फोन वहिनीच्या भावाला घेऊ दे. सगळ्यांना तोच सांगेल.

दर तिसऱ्या रात्री तुझ्या जागी कोणीतरी दुसरं हवंच. मी शनिवारी येते, त्या रात्री तू घरी झोप. मधल्या काळात वहीत एकच ओळ दोनदा लिहिलेली दिसली, दादावर चिडून बोललास, किंवा बसल्या बसल्या मिनिटभरात मान पडली, तर माझी वाट पाहू नकोस, त्याच दिवशी मला फोन कर. आणि तशा सकाळी स्कूटर तिथेच ठेवून रिक्षाने घरी जा. आज जाताना सतरंजी, जाड चादर, पंचा, सुती दोरी आणि वही एवढं पिशवीत घाल. दोरी देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे.