धम्म, श्रम आणि बचत : पिंपरी-चिंचवड ते चाकण

धर्म माणसाला परलोकाविषयी काय सांगतो, याची चर्चा आपल्याकडे भरपूर होते. पहिल्या तारखेला हाती आलेल्या पगाराचे काय करावे, याविषयी धर्म काय सांगतो हे मात्र फारसे तपासले जात नाही. धर्माच्या समाजशास्त्रात या प्रश्नाला मध्यवर्ती स्थान आहे. आपल्या संस्थेचे बहुसंख्य सभासद कारखान्यांतील नोकरीवर जगलेले किंवा जगणारे आहेत. म्हणून हा प्रश्न आम्ही येथे आपल्याच परिसराच्या संदर्भात मांडत आहोत.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये प्रॉटेस्टंट पंथ आणि भांडवलशाही यांच्या संबंधावर आपला गाजलेला प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. कोणाचा उद्धार होणार आणि कोणाचा नाही, हे ईश्वराने आधीच ठरवले आहे, अशी कॅल्व्हिनपंथीयांची श्रद्धा होती. आपण कोणत्या गटात आहोत, ही चिंता त्यांना सतावीत असे. शिस्तीने व सचोटीने केलेल्या व्यवसायातील यशात त्यांना कृपेची खूण दिसू लागली. काम भरपूर करायचे पण चैन करायची नाही, मग पैसा साचणारच. आणि साचलेला पैसा पुन्हा धंद्यात जाणार. वेबर यांनी श्रद्धेला भांडवलशाहीचे एकमेव कारण म्हटले नव्हते, ही गोष्ट त्यांचे नाव घेणारे पुष्कळदा विसरतात.

पुढे वेबर भारतीय धर्मांकडे वळले. कर्मसिद्धांत आणि जातिव्यवस्था यांची सांगड हा हिंदू समाजातील आर्थिक जडत्वाचा गाभा आहे, असे त्यांनी मांडले. नेमून दिलेला धंदा सोडणे हे जेथे पाप ठरते, तेथे नवे तंत्र आणि नवा व्यवसाय यांना वाव कसा मिळणार? बौद्ध धम्माविषयी मात्र त्यांचे मत आम्हाला अपुरे वाटते. तो मूलतः भिक्खूंचा, संसारापासून दूर नेणारा मार्ग असून गृहस्थाच्या आर्थिक जीवनाला त्यात भक्कम आधार नाही, असे ते समजत.

पाली साहित्यातील गृहस्थांना उद्देशून असलेली सुत्ते वाचली की हे मत टिकत नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एका भागावर निर्वाह करावा, दोन भाग व्यवसायात घालावेत आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा. अंगुत्तरनिकायातील व्यग्घपज्ज सुत्तात उद्योगशीलता, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्या माणसांची संगत आणि उत्पन्नाला साजेसे राहणे या चार गोष्टी येतात. तेथे तळ्याचा दृष्टांत आहे. तळ्यात पाणी येण्याच्या चार वाटा आणि बाहेर जाण्याच्या चार वाटा. बाहेर जाणाऱ्या वाटा म्हणजे व्यभिचार, मद्यपान, जुगार आणि कुसंगत. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत तर एक सुख केवळ ऋणमुक्तीचे आहे. पाली शब्द ‘अनणसुख’. ज्यांच्या आजोबांचे अंगठे सावकाराच्या कागदावर उमटलेले आहेत, त्यांना या शब्दाचे वजन समजावून सांगावे लागत नाही.

पण शिकवण ग्रंथात असणे आणि ती माणसांच्या वागण्यात उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या समाजाचा इतिहास येथे फार उपयोगी पडतो.

महार वतनाच्या व्यवस्थेत काम होते, पण वेतन नव्हते. सरकारी निरोप पोचवणे, वेशीची राखण, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे करायची. त्याबदल्यात थोडी वतन जमीन, सुगीला बलुत्याचे धान्य आणि दारोदार मागितलेली भाकरी. कामाला तासांची मर्यादा नाही आणि मोबदल्याला मोजमाप नाही. अशा स्थितीत बचतीची वृत्ती कोठून यावी? भाकरी साठवता येत नाही. ‘हे लोक आजचा दिवस पाहतात’ असा शेरा गावातले प्रतिष्ठित मारीत; तो स्वभावदोष नव्हता, मोबदल्याच्या पद्धतीचा तो परिणाम होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनविषयक विधेयक मांडले ते यासाठीच. प्रत्यक्षात ही वतने १९५८ च्या कायद्याने गेली.

शहरातही श्रद्धेने कामाची दारे उघडली आणि बंद केली. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी चांगली मिळे. पण धोट्यातील कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळाच्या कल्पनेमुळे अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात प्रवेश नसे. म्हणून ‘जाती म्हणजे श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी’ हा बाबासाहेबांचा १९३६ मधील मुद्दा वेबर यांच्या पुढे जाणारा आहे. श्रद्धा कामगाराच्या मनात तर असतेच. त्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्याच्या आणि त्याला कामावर घेणाऱ्याच्या मनातही ती असते.

आता आपल्या परिसराकडे येऊ. देहू हे तुकोबांचे गाव. वडिलोपार्जित सावकारीतील आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. वारकरी संतांनी कष्टाला नाकारले नाही; सावता माळी मळ्यात आणि गोरा कुंभार चाकावर राहिले. कष्टाला त्यांनी प्रतिष्ठा दिली, परंतु धंदा जन्मावरून ठरण्याची रीत मोडली नाही. याच देहूच्या जवळ, लष्करी डेपोभोवती वाढलेल्या देहूरोड येथे, २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. ज्या पट्ट्यात वतनाऐवजी रोख पगार मिळू लागला होता, त्याच पट्ट्यात हे घडले, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

त्याच वर्षी पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्या दशकात टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने आले. कायम नोकरी, हजेरीपत्रक, भविष्यनिर्वाह निधी, बोनस आणि कारखान्याची पगारदार पतसंस्था हे सर्व त्याबरोबर आले. आपल्या वस्त्यांतील पहिल्या पिढीने याच आधारावर घरे बांधली आणि मुलांना शिकवले. रिचर्ड लॅम्बर्ट या अमेरिकन अभ्यासकाने पुण्याच्या पाच कारखान्यांतील कामगारांवर १९६३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. कामगार नोकरीकडे जणू हक्काची मिळकत म्हणून पाहतो, असे त्यांना आढळले. म्हणजे वतन गेले आणि नोकरी हे नवे वतन झाले. फक्त हे मानाचे होते.

मग ही बचत धम्मामुळे झाली की कायम नोकरीमुळे? याची कसोटी सोपी आहे. त्याच कारखान्यात, त्याच यंत्रावर काम करणारा मराठा किंवा माळी कामगारही पतसंस्थेत पैसे ठेवीत होता. तेव्हा पैसा किती साचला, याचे स्पष्टीकरण श्रद्धेतून मिळत नाही. ते नोकरीतून मिळते. साचलेला पैसा कोठे गेला, यात मात्र फरक दिसतो. ज्या घरांनी बावीस प्रतिज्ञा मनावर घेतल्या तेथे जत्रेचा बोकड, नवस आणि दारू यांचा खर्च बंद झाला, आणि तो पैसा शाळेच्या फीकडे वळला. ज्या घरांनी प्रतिज्ञा केवळ म्हटल्या, तेथे नवसाची जागा डामडौलाच्या लग्नाने घेतली. दोन्ही घरे जनगणनेत ‘बौद्ध’ म्हणूनच नोंदली जातात. धर्माच्या रकान्यावरून बचतीचे निष्कर्ष काढणारे पाहणीकार येथेच फसतात.

आता चाकणचा तरुण घेऊ. १९९० नंतर वाढलेल्या या पट्ट्यात वाहन उद्योगाचे अनेक कारखाने आहेत आणि तेथील कामाचा मोठा भाग कंत्राटी आहे. समजा, मराठवाड्यातून आलेल्या एका कंत्राटी कामगाराचा एकूण पगार १८,००० रुपये आहे आणि त्यात मूळ वेतन १२,००० दाखवले आहे. भविष्यनिर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,४४०, राज्य विमा योजनेचे पाऊण टक्का म्हणजे १३५ आणि व्यवसाय कर २०० वजा जाता हाती १६,२२५ येतात. सिगालोवादाचा चौथा भाग त्यावर सुमारे ४,०५० होतो. गंमत अशी की मालकाचे १२ टक्के धरले तर निधीचा नियमही मूळ वेतनाच्या २४ टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ चौथ्या हिश्शावरच येतो. परंतु मूळ वेतन कमी दाखवल्यामुळे येथे तो २,८८० इतकाच भरतो, आणि त्यातलेही सुमारे १,००० निवृत्तिवेतन योजनेकडे जातात.

खोलीच्या भाड्याचा वाटा २,५००, मेस ३,५००, प्रवास व फोन १,५००, घरी पाठवायचे ६,०००, असे १३,५०० गेले. उरले २,७२५. सुत्तातील दोन भाग व्यवसायाचे. पगारदाराला व्यवसाय कुठला? आमच्या मते शिक्षण आणि कौशल्य हाच त्याचा व्यवसाय. तेव्हा घरी गेलेल्या ६,००० पैकी बहिणीच्या शिक्षणाला जाणारी रक्कम त्या दोन भागांत धरावी. मात्र घरात लग्नासाठी खाजगी सावकाराचे एक लाख घेतलेले असतील आणि व्याज महिन्याला शेकडा तीन असेल, तर ३,००० केवळ व्याजात जातात. उरलेल्या २,७२५ मधून तेही भागत नाही, आणि मुद्दल तसेच राहते. हेच कर्ज वर्षाला १२ टक्क्यांनी मिळाले असते तर व्याज १,००० झाले असते. दारू न पिणारा, जादा पाळी करणारा हा मुलगा कर्जातच राहतो. त्याच्या कार्यसंस्कृतीवर बोट ठेवण्यात अर्थ नाही.

स्वस्त कर्ज त्याला का मिळत नाही? पगारदार पतसंस्थेची वसुली पगारातून होते, म्हणून सभासदत्व सहसा कायम कामगारालाच मिळते. शिवाय ठेकेदार बदलला की नोकरीत खंड पडतो. जुना खाते क्रमांक नव्या ठेकेदाराकडे नीट जोडला गेला नाही तर रक्कम विखुरते. किंवा त्या मधल्या काळात निधी काढून घेतला जातो आणि चौथा भाग तळ्याच्या बाहेर जातो. पासबुक काढून पाहावे : एकाच माणसाच्या नावावर तीन-चार आस्थापनांच्या नोंदी, प्रत्येकीखाली काही हजार, आणि मध्येच ‘रक्कम काढली’ अशी ओळ दिसली, तर समजावे की गळती येथे आहे.

अशा कामगारांच्या घरातील स्त्रिया मात्र पगारपत्रकाशिवाय बचत गटात दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये भरतात. तेथे तारण म्हणजे एकमेकींची ओळख, म्हणजेच सुत्तातील चांगल्या माणसांची संगत. विहारातील वंदनेनंतर पाच-दहा मिनिटांत गटाची वही भरली जाते. चाकणच्या खोल्यांतून एकट्या राहणाऱ्या मुलांना अशी वही नाही, आणि बहुतेकांना जवळचा विहारही माहीत नाही. येत्या वर्षावासात संस्थेने त्यांच्यासाठी दर रविवारी एक तास ठेवावा, त्यात वंदना अर्धा तास आणि उरलेला अर्धा तास पासबुके तपासणे व खाती जोडण्याचे अर्ज भरणे यांसाठी द्यावा, असा आमचा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे.