निरोप समारंभाचा मेसेज: वर्गणीही लिहा आणि उत्तराची तारीखही

व्हिडिओत मेसेजचा नमुना भरभर सांगितला होता, तो लिहून द्या अशी मागणी आली. म्हणून आज तो हिशोबासकट देतोय.

आपल्या बॅचमधल्या एका ताईंचं मसाला पॅकिंगचं युनिट आहे. मागे एक कामगार सोडून गेला, तेव्हा त्यांनी ग्रुपवर टाकलं, "शनिवारी निरोप समारंभ आहे, सर्वांनी यावे, काँट्री द्यावी." खाली भरपूर अंगठे आले. ताईंनी अंगठे पाहून हॉटेलला २० ताटं सांगितली. आले १३ जण. हॉटेलवाल्याने पैसे २० ताटांचेच घेतले. एक ताट २२० रुपयांचं, म्हणजे सात ताटांचे १,५४० रुपये गल्ल्यातून गेले.

पण ताईंना लागलं ते वेगळंच. न आलेल्यांत एक मदतनीस होती. काँट्री किती ते मेसेजमध्ये नव्हतं आणि विचारायला तिला लाज वाटली, म्हणून ती घरीच थांबली.

आता पॅकिंगच्या मावशी काम सोडणार होत्या. या वेळी आम्ही आधी हिशोब मांडला आणि मग मेसेज लिहिला.

जेवणारे किती आणि पैसे देणारे किती?

ताई धरून सहकारी १८, शिवाय मावशी आणि त्यांचे यजमान. म्हणजे २० ताटं, ४,४०० रुपये. साडी २,०००, हार आणि केक ३००. एकूण ६,७००. इथे बरेच जण २० ने भागतात आणि पैसे कमी पडतात, कारण पाहुणे वर्गणी देत नाहीत. रोजंदारीवरच्या दोन मदतनिसांकडूनही घ्यायचे नव्हते. म्हणजे देणारे उरले १६. ताईंनी मालक म्हणून १,९०० रुपये वेगळे घातले. उरलेले ४,८०० भागिले १६, म्हणजे प्रत्येकी ३०० रुपये.

मदतनिसांना ताईंनी मेसेज टाकायच्या आधीच बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही फक्त यायचं." हे ग्रुपवर लिहायचं नसतं.

मेसेज

"नमस्कार. आपल्या मावशी या महिन्यात काम सोडून गावी राहायला जात आहेत. त्यांच्या निरोपासाठी आपण सगळे एकत्र जेवणार आहोत.
कधी: शनिवार, १४ जून, संध्याकाळी ७ वाजता. जेवण ८ ला.
कुठे: एसटी स्टँडसमोरचं थाळी हॉटेल, वरचा हॉल. जिना पानाच्या टपरीशेजारी आहे.
वर्गणी: ३०० रुपये, जेवण आणि भेट मिळून. येणं जमत नसेल, पण भेटीत वाटा घ्यायचा असेल तर १०० रुपये. माझ्या या नंबरवर यूपीआय करा, किंवा रोख माझ्याकडे द्या.
उत्तर: बुधवार, ११ जून, रात्री ९ पर्यंत मला पर्सनल मेसेज करा, 'येणार' किंवा 'नाही जमणार'. गुरुवारी सकाळी हॉटेलला ताटं सांगायची आहेत.
पैशांची अडचण असेल तर मला एकटीला सांगा, पण या नक्की."

यात चुकतं कुठे?

पहिली गोष्ट, हा मेसेज नेहमीच्या ग्रुपवर टाकू नका. मावशी त्याच ग्रुपमध्ये आहेत आणि आपल्या निरोपाची वर्गणी त्यांना दिसणं बरं नाही. त्यांना वगळून वेगळा ग्रुप करा. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरणार असाल तर लक्षात ठेवा, ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही. मावशींना आणि त्यांच्या यजमानांना आमंत्रण तोंडीच द्या.

दुसरी गोष्ट, अंगठा म्हणजे होकार नाही. तो "वाचलं" असाही असतो. म्हणून उत्तराचे शब्द आपणच द्यायचे. बुधवारी रात्री ज्यांचं उत्तर नसेल त्यांना फोन करा, अंदाजाने ताट धरू नका. ही तारीखही हॉटेल आकडा कधी मागतंय ते विचारून, त्याच्या आदल्या दिवशीची ठेवा.

तिसरी, वर्गणी दुकानाच्या क्यूआर कोडवर घेऊ नका. ती विक्रीच्या पैशांत मिसळते आणि महिन्याचा हिशोब जुळत नाही. ताईंनी घरच्या खात्याचा यूपीआय दिला.

आणि गळती धरून चला. ऐनवेळी नाही, पण बुधवारपर्यंत दोघांनी "नाही" कळवलं आणि वर्गणीही दिली नाही, तर ६०० रुपये कमी येतात. ताटांचे मात्र ४४० च वाचतात, कारण साडीचा खर्च तोच राहतो. वरचे १६० मालकाने घालायचे, बाकीच्यांकडे पुन्हा मागायचे नाहीत.

समारंभानंतर ग्रुपवर फक्त दोन आकडे टाका: जमा किती, खर्च किती. कोणी किती दिले, ती यादी टाकू नका. नाहीतर त्या दोन मदतनिसांची नावं तिथे नाहीत, हे सगळ्यांना दिसेल आणि पुढच्या वेळी त्या येणार नाहीत.