एक दुकान, तीन डेटाबेस: काय करावे, काय टाळावे

साड्यांचे एक ऑनलाइन दुकान घेऊ. ऑर्डर, पैसे आणि साठा पोस्टग्रेसमध्ये आहे, ग्राहकांचे कार्ट रेडिसमध्ये आणि शोध इलास्टिकसर्चवर चालतो. प्रत्येक काम त्याला जमणाऱ्या डेटाबेसकडे गेले, पण आता एकच माहिती दोन ठिकाणी राहते. काळजी घ्यायची ती इथेच.

काय करावे

- प्रत्येक माहितीचा मालक एकच ठेवा. साठ्याचा खरा आकडा पोस्टग्रेसमधला. शोधात दिसते ती त्याची प्रत, आणि ती केव्हाही पुसून नव्याने तयार करता आली पाहिजे.

- विक्रीचा निर्णय मालकाकडेच होऊ द्या. एकच पैठणी उरली आहे आणि दोघींनी एकदमच ‘खरेदी करा’ दाबले:

```sql
UPDATE stock SET qty = qty - 1
WHERE sku = 'PAITHANI-07' AND qty >= 1;
```

  एकीसाठी एक ओळ बदलते, दुसरीसाठी शून्य. शून्य आले की ‘साडी संपली’ असे पैसे घेण्याआधीच सांगा.

- बदलाची चिठ्ठीही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. साठा कमी करताना `outbox` नावाच्या टेबलात एक ओळ टाका. वेगळा प्रोग्रॅम त्या ओळी वाचून शोधाची प्रत सुधारतो. इलास्टिकसर्च बंद पडले तरी ओळी जागेवर थांबतात. एखादी ओळ दोनदा पोचू शकते, म्हणून तिच्यात ‘एक वजा करा’ असे न लिहिता ‘आता साठा ०’ असे लिहा. सोबत आवृत्ती क्रमांक द्या, म्हणजे उशिरा आलेली जुनी ओळ नव्या आकड्यावर बसणार नाही.

- तुंबलेल्या ओळींवर लक्ष ठेवा. न पोचलेली सर्वांत जुनी ओळ काही मिनिटांहून जुनी झाली, की अलार्म वाजला पाहिजे.

काय टाळावे

- कोडमधून दोन्हीकडे थेट लिहू नका. पोस्टग्रेसमध्ये नोंद झाली आणि इलास्टिकसर्चला कळवण्याआधी सर्व्हर पडला, तर विकलेली पैठणी शोधात शिल्लक दिसत राहते. दोन्ही डेटाबेस आपापल्या जागी ठीक असतात, त्यामुळे घोळ ग्राहकाच्या तक्रारीतूनच कळतो.

- ऑर्डर फक्त रेडिसच्या भरवशावर ठेवू नका. `appendfsync everysec` असताना मशीन बंद पडले, तर शेवटच्या सेकंदाभरातल्या नोंदी जाऊ शकतात. कार्टमधली एखादी साडी गेली तर ग्राहक ती पुन्हा टाकेल. भरलेल्या पैशांची नोंद मात्र जाता कामा नये.

- कार्ट आणि कॅश एकाच रेडिसमध्ये ठेवू नका. `allkeys-lru` लावलेले असेल, तर मेमरी भरल्यावर कॅशबरोबर कार्टही काढून टाकली जातात.

- गरज दिसण्याआधी नवा डेटाबेस आणू नका. काही हजार साड्यांचा शोध पोस्टग्रेसच सांभाळतो. चुकीच्या स्पेलिंगसाठी `pg_trgm` आहे. प्रत्येक नव्या डेटाबेसबरोबर वेगळा बॅकअप येतो आणि तो परत चढवून पाहण्याचे कामही. ते करायला माणूस नसेल, तर थांबा.