नुसता अंगठा

प्रश्न : आम्ही वारज्यात फ्लॅट घेतला. घरच्या ग्रुपवर सकाळी ९ वाजता फोटो टाकले. जाऊबाईंनी दुपारी नुसता अंगठा पाठवला. त्या जळतात का?

उत्तर : एका अंगठ्यावरून ते ठरवता येणार नाही. शेली गेबल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आनंदाच्या बातमीवरचे प्रतिसाद चार प्रकारांत मांडले: भरभरून, कोमट, खोट काढणारा आणि विषयच बदलणारा. यांतला कोमट सर्वांत फसवा, कारण तो नुसत्या गडबडीतूनही येतो. सकाळी ९ म्हणजे डबे, शाळेची व्हॅन आणि ऑफिसची धांदल! तेव्हा फोटो नीट बघायचे राहतात आणि दुपारी घाईत अंगठा जातो.

आधी जुना ग्रुप चाळा. कुणाच्या बारशाला, बढतीलाही त्या अंगठाच देत असतील, तर ती सवय आहे. इतरांना चार ओळी आणि तुम्हालाच अंगठा, तर शंकेला जागा आहे. त्याही घर शोधत असतील तर जास्तच. मत्सर बहुधा आपल्याला हव्या असलेल्या गोष्टीचा आणि जवळच्याच माणसाचा वाटतो. त्यांनी पुढे ‘हप्ता झेपेल ना?’ असं विचारलं, तर ते मात्र काळजीचंही असू शकतं, म्हणून सूर ऐका.

रविवारी निवांत फोन करा. लक्ष नव्हतं एवढंच असेल, तर ‘कितवा मजला, ओटा कसा आहे’ असे प्रश्न त्याच काढतील. किमतीचा विषय तुम्ही काढू नका.